‘डोकं फिरलंय’ म्हणजे नेमकं काय झालंय? भावनेला अचूक नाव देण्याची रीत

पुण्यात नोकरी करणारा एक धाकटा भाऊ डोळ्यांसमोर आणा. आईवडील कोल्हापूरला थोरल्या भावाकडे असतात. रविवारी संध्याकाळी वहिनीचा फोन येतो. घरच्या चार गोष्टी होतात, बाबांनी आज एकच प्रश्न तीनदा विचारला हेही ती सांगते आणि ओघात म्हणून जाते, “तुमचं काय भाऊजी, तुम्ही दोन दिवसांचे पाहुणे. येता, गप्पा मारता, जाता.” फोन ठेवल्यावर हा बायकोला म्हणतो, “डोकं फिरलंय माझं.” काय झालं असं तिने विचारलं तरी उत्तर तेच. रात्री अंथरुणात त्याच्या मनात जबाब तयार होऊ लागतात. दर महिन्याला पैसे कोण पाठवतं? बाबांच्या औषधांचं बिल कोण भरतं? सकाळपर्यंत वहिनीला काय सुनवायचं ते जवळजवळ पाठ होतं.

तो खोटं बोलत नाहीये, त्याचं डोकं खरंच फिरलंय. पण या दोन शब्दांतून एवढंच कळतं की वाईट वाटतंय आणि जोरात वाटतंय. पुढे काय करायचं ते त्यातून कळत नाही. ‘टेन्शन आलंय’, ‘मूड ऑफ आहे’, ‘वैताग आलाय’ हे आपले रोजचे शब्दही तसेच आहेत. परीक्षेची धास्ती, साहेबांनी चारचौघांत केलेला अपमान आणि तीन रात्रींचं जागरण, तिन्हींना आपण ‘टेन्शन’च म्हणतो. खरं तर पहिल्याला तयारी हवी, दुसऱ्याला बोलणं हवं आणि तिसऱ्याला झोप.

वाईट वाटण्यातले किंवा बरं वाटण्यातले हे बारीक भेद ओळखण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात इमोशनल ग्रॅन्युलॅरिटी म्हणतात. मी तिला भावनांची बारीक पारख म्हणेन. हा विषय मांडला लिसा फेल्डमन बॅरेट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी. संशोधक विद्यार्थिनी असताना त्यांना आपल्याच प्रयोगांत एक विचित्र गोष्ट दिसली. काही माणसं ‘चिंता’ आणि ‘उदासी’ या दोन्ही रकान्यांत नेहमी सारखीच खूण करत होती. एक वाढली की दुसरी वाढायची, एक उतरली की दुसरी उतरायची. म्हणजे शब्द दोन असले तरी त्या माणसांसाठी अनुभव एकच होता, ‘वाईट वाटतंय’. इतर काहींच्या खुणा मात्र वेगवेगळ्या पडत होत्या.

पुढे 2001 साली बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांकडून दोन आठवडे भावनांची रोजनिशी लिहून घेतली. नकोशा भावनांमध्ये ज्यांना जास्त फरक करता येत होता, ते त्या भावना सावरण्यासाठी काही ना काही उपाय जास्त करत होते. भावना तीव्र असताना तर हा संबंध जास्तच दिसला. 2010 मध्ये टॉड कॅशडन आणि सहकाऱ्यांनी दारू पिणाऱ्या तरुण मुलांचा अभ्यास केला. पिण्याआधी मन खूप अस्वस्थ असलं, तरी ज्यांना ती अस्वस्थता नेमकेपणाने ओळखता येत होती ते इतरांपेक्षा कमी प्यायले. हे सगळे संबंध आहेत, त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. नावं अचूक दिल्यामुळे माणूस सावरतो, की मुळात सावरलेल्या माणसाला नावं सुचतात, हे अशा अभ्यासांतून पक्कं ठरत नाही. तरीही ही रीत शिकण्यासारखी आहे असं मला ठामपणे वाटतं, कारण ती काय काम करते ते एकेका प्रसंगात स्वतःलाच तपासून पाहता येतं. आपण त्या धाकट्या भावाबरोबरच पायरीपायरीने जाऊ.

आधी शरीर बघा

भावना उकळत असताना नाव शोधायला बसू नका. छाती धडधडते आहे, आवाज चढला आहे, हात फोनकडे जातो आहे, अशा वेळी सुचणारं पहिलं नाव बहुधा दुसऱ्याच्या चुकीचं असतं. पाणी प्या, खोलीबाहेर जा, जिना उतरून चढा. श्वास जागेवर आला की स्वतःला दोनच गोष्टी विचारा. हे सुखद आहे की नकोसं? आणि शरीरात जोर आहे की जोर गेलाय? मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी 1980 मध्ये भावनांची मांडणी याच दोन मापांवर केली होती. नकोसं आणि जोर असलेलं म्हणजे राग, भीती, धास्ती यांचा परिसर. नकोसं आणि जोर गेलेलं म्हणजे खिन्नता, हताशपणा, कंटाळा यांचा. एवढ्यानेही शोधाची जागा निम्मी होते.

याच वेळी पोटाची आणि झोपेचीही चौकशी करा. दुपारी जेवलात का? काल किती झोपलात? अंगात कणकण आहे का? हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण भूक आणि जागरण भावनेचा वेष घेऊन येतात. आपल्या परंपरेला ही गोष्ट नवीन नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात जे तेहतीस संचारी, म्हणजे येत-जात राहणारे, भाव सांगितले आहेत, त्यांत शंका, असूया, विषाद यांच्या पंगतीला ग्लानी, श्रम आणि निद्राही आहेत. आपल्या धाकट्या भावाची रविवारी दुपारची झोप झालेली होती, जेवणही वेळेवर झालं होतं. त्यामुळे त्याला पुढे जायला हरकत नाही. तुमचं उत्तर ‘रात्री चार तास झोपलो’ असं आलं, तर पुढच्या पायऱ्या उद्या सकाळी करा.

एक नाही, तीन-चार नावं लिहा

आता कागद घ्या. पहिलं सुचलेलं नाव लिहा, पण तिथे थांबू नका. आणखी किमान तीन लिहा आणि प्रत्येकापुढे शून्य ते दहा आकडा टाका. नंतर खोडता येईल असा कच्चा मजकूर आहे हा. एकाच नावावर थांबू नये याला कारण आहे. एरिक नूक आणि सहकाऱ्यांच्या 2021 मधल्या प्रयोगांत असं आढळलं की भावनेला आधी नाव देऊन मग तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला सांगितलं, तर ते लोकांना जास्त अवघड गेलं. नाव दिलं की भावना त्या साच्यात घट्ट होत असावी, असा त्यांचा तर्क आहे. म्हणून मी नवशिक्यांना नेहमी सांगते की नावावर लगेच शिक्का मारू नका, ती उमेदवार म्हणून उभी करा.

धाकट्याने लिहिलं, राग 9. मग थोडं थांबून दुखावलेपण. मग शरम. मग काळजी. शेवटी, बराच वेळ पेन फिरवून, अपराधी वाटणं. नावं सुचत नसतील तर घरात ऐकलेले शब्द आठवा. चुटपुट, हिरमोड, हुरहुर, धास्ती, घुसमट, ओशाळणं, कानकोंडं होणं, हेवा, चीड, उद्वेग. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या प्रसंगातून आलेला आहे आणि आजीच्या बोलण्यात ते सहज असायचे.

तीन प्रश्नांनी नावं गाळा

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो या पायरीला.

पहिला प्रश्न, नेमकी कुठे कळ उठली? सगळा फोन नव्हे, त्यातला शब्द. धाकट्याने वाक्य पुन्हा आठवलं. ‘पाहुणे’ हा शब्द त्याला थोडा खटकला होता. पण कळ उठली ती ‘दोन दिवसांचे’ याने, कारण ते खरं होतं. दिवाळीत तो दोनच दिवस गेला होता. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी ऑफिसात ऑडिट चालू होतं म्हणून गेलाच नव्हता. खोटा आरोप झाला तर माणूस चिडतो. खरा आरोप झाला की चिडण्याच्या आत आणखी काहीतरी हलतं.

दुसरा प्रश्न, शरीराला काय करावंसं वाटतंय? रागाला समोरच्यावर चालून जायचं असतं. भीतीला दूर पळायचं असतं किंवा सारखी खात्री करून घ्यायची असते. अपराधी वाटणं झालेलं सुधारू बघतं. शरमेला लपायचं असतं. धाकट्याच्या लक्षात आलं की त्याला वहिनीला सुनवायचं तर होतंच, पण ‘आता पुढच्या सणाला जायचंच नाही’ असंही मनात येत होतं. न जाणं हे रागाचं काम वाटलं तरी तोंड चुकवणं हे शरमेचं काम आहे.

इथे जरा थांबायला हवं, कारण अपराधी वाटणं आणि शरम यांची गल्लत सगळ्यात महाग पडते. अपराधी वाटतं तेव्हा नजर कृतीवर असते, ‘ऑपरेशनला गेलो नाही, हे चुकलं’. शरम वाटते तेव्हा नजर स्वतःवर असते, ‘मी मुलगा म्हणून कुचकामी आहे’. जून टँगनी यांनी या दोन भावनांवर दीर्घकाळ संशोधन केलं. ज्यांना वारंवार शरम वाटते, त्यांच्यात राग आणि दुसऱ्यावर दोष ढकलण्याची प्रवृत्ती जास्त दिसते, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. हे समजायला अवघड नाही. स्वतःकडे पाहणं असह्य झालं की बोट बाहेर वळतं. रात्रभर पाठ केलेला वहिनीसाठीचा तो मजकूर बराचसा इथून आला होता. म्हणून शरमेचा वास आला, तर ‘मी असा आहे’ हे वाक्य खोडून ‘मी अमुक वेळी अमुक केलं नाही’ असं लिहा. ते लिहिता आलं तर त्या भावनेवर काही करता येतं.

तिसरा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो. काय झालं असतं तर हे लगेच ओसरलं असतं? एकेक शक्यता मनात घडवून पाहायची आणि किती हलकं वाटतं ते पाहायचं. धाकट्याने कल्पना केली, वहिनीने माफी मागितली. थोडं बरं वाटलं, फार नाही. मग कल्पना केली, वहिनी म्हणाली, “तुमच्या पैशांचा मोठा आधार आहे भाऊजी.” बरंच हलकं वाटलं. म्हणजे दुखावलेपण खरं आहे, आपल्या वाट्याची कदर होत नाही याचं. मग ऑपरेशनच्या दिवशी आपण तिथे होतो अशी कल्पना केली. आणखी हलकं वाटलं. शेवटी त्याने मनात आणलं, डॉक्टर म्हणतायत की बाबांना काही झालेलं नाही, वयामुळे थोडं विसरतात. आणि त्याचा श्वास मोठा सुटला. वहिनीच्या टोमण्याशी ज्याचा काही संबंध नाही, अशी एक धास्ती त्या फोनवरच आत शिरली होती. एकच प्रश्न तीनदा विचारला, हे ऐकल्याबरोबर.

आता त्याने आकडे नव्याने टाकले. राग 3. दुखावलेपण 5. अपराधी वाटणं 7. बाबांबद्दलची धास्ती 8. शरम खोडली. सुरुवातीच्या 9 आकड्याच्या रागात ही सगळी मंडळी दाटीवाटीने बसली होती.

प्रत्येक नावाला त्याचं काम द्या

नावं पटली की प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा. हे कोणाशी बोलायचं, आणि या आठवड्यात काय करायचं. वेगळ्या भावनांचे पत्तेही बहुधा वेगळे असतात. सगळं एकाच माणसावर, एकाच फोनमध्ये ओतलं की भांडण होतं.

धाकट्याच्या कागदावर असं आलं. धास्तीचं काम डॉक्टरांकडे, न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्यायची. अपराधीपणाचं काम बाबांकडे आणि वहिनीकडे, जाऊन राहायचं. दुखावलेपणाचं काम थोरल्या भावाकडे, तेही भेटल्यावर, निवांत. रागाचं काम एवढंच की टोमणा लागला हे एका वाक्यात सांगायचं. मग त्याने सोमवारी संध्याकाळी फोन केला. “वहिनी, काल तुम्ही पाहुणा म्हणालात ते मला लागलं. पण बाबांच्या ऑपरेशनला मी आलो नाही, ते माझं चुकलंच. बाबांचं हे विसरणं कधीपासून चाललंय ते मला नीट सांगा. मी रजा काढतो, त्यांना दाखवायला मीच घेऊन जातो.”

या बोलण्यात पैशांचा उल्लेख नाही. तो मुद्दा खरा आहे आणि त्याने तो सोडलेलाही नाही. पण अपराधीपणा आणि हिशेब एका श्वासात आले असते, तर वहिनीला फक्त हिशेब ऐकू गेला असता. तसंच, वहिनी ‘दमलेली आहे’ किंवा ‘तिला हेवा वाटतो’ असं नाव त्याने तिच्या वतीने दिलेलं नाही. ही रीत स्वतःसाठी आहे. दुसऱ्याच्या भावनेचं नाव विचारावं, सांगू नये.

नाव चुकलं हे कसं ओळखायचं

काही खुणा आहेत. पहिली, नाव सापडल्यावर शरीर किंचित तरी सैल पडतं. खांदे उतरतात, श्वास लांबतो, कधी रडू येतं. नाव दिल्यावर उलट कथा वाढतच गेली, जुने प्रसंग पुराव्यादाखल येऊ लागले, तर ते नाव बहुधा वरवरचं आहे किंवा आपण नाव देणं सोडून खल करत बसलो आहोत. अशा वेळी वही मिटा.

दुसरी खूण, नावाच्या पोटात दुसऱ्याची कृती लपलेली असते. ‘मला गृहीत धरल्यासारखं वाटतं’, ‘डावलल्यासारखं वाटतं’, ‘वापरून घेतल्यासारखं वाटतं’. ही वाक्यं ‘वाटतं’ने संपली तरी ती आरोप आहेत. त्यांच्यापुढे विचारा, गृहीत धरल्यावर मला काय होतं? उत्तर कधी चीड येईल, कधी एकटेपणा. उपाय त्यानुसार बदलेल.

तिसरी, कोणताही प्रसंग असो, तुमचं नाव एकच येतं. बहुतेक पुरुषांना राग सुचतो, कारण तो एकच लहानपणापासून चालवून घेतलेला असतो. अनेक बायकांना ‘माझंच काहीतरी चुकलं’ सुचतं. असं नाव यादीतून आठवडाभर बाद करून पाहा. ते वापरायचं नाही असं ठरवल्यावर दुसरं काय लिहावं लागतं, त्यावरून पुष्कळ कळतं.

दोन आठवड्यांची वही

सवय लागावी म्हणून संशोधकांचीच पद्धत घरी वापरता येते. सहा शब्द ठरवा. उदाहरणार्थ राग, दुखावलेपण, अपराधी वाटणं, धास्ती, खिन्नता, थकवा. दुपारी एकदा आणि रात्री एकदा, प्रत्येकाला शून्य ते दहा आकडा द्या आणि शेजारी प्रसंग चार शब्दांत लिहा. यापेक्षा जास्त वेळा लिहू नका, त्याचंच ओझं होतं.

दोन आठवड्यांनी आकडे उभे वाचा. कोणते दोन शब्द कायम एकत्र चढतात-उतरतात? समजा राग आणि थकवा जोडीने चालताना दिसले, तर दोन शक्यता आहेत. एक तर थकल्यावर तुम्हाला खरंच राग येतो, किंवा थकव्यालाच तुम्ही राग म्हणताय. फरक पाहायला थकवा जास्त आणि प्रसंग काहीच नाही असा एखादा दिवस शोधा. त्या दिवशीही राग 6 असेल, तर दुसरी शक्यता धरा आणि संध्याकाळचं वादाचं बोलणं सकाळवर ढकला.

फक्त शब्दसंग्रह वाढवत बसू नका. भावनांच्या शंभर शब्दांची यादी भिंतीला लावून पारख येत नाही. 2020 मध्ये व्हेरा वाइन आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या लेखनातले भावनांचे शब्द तपासले. नकारात्मक भावनांसाठी जे जास्त वेगवेगळे शब्द वापरत होते, त्यांच्यात मानसिक त्रासही जास्त दिसला. माणूस ज्या मुलखात जास्त वावरतो तिथले शब्द त्याच्याकडे जास्त असतात, असा त्याचा एक अर्थ लागतो. म्हणून वहीत सुखद भावनाही दोन ठेवा, समाधान आणि उत्साह वगैरे. त्यांच्यातही भेद असतोच, आणि फक्त दुखण्याची नोंद ठेवणारी वही माणसाला आणखी दुखरी करू शकते.

घरात वयात आलेली मुलं असतील तर त्यांच्याकडून एवढ्या नेमकेपणाची अपेक्षा धरू नका. नूक यांच्याच 2018 मधल्या अभ्यासात ही पारख बालपणापेक्षा किशोरवयात कमी झालेली आणि पुढे तरुणपणी वाढलेली दिसली. एकाच वेळी अनेक भावना येतात हे त्या वयात नुकतं कळू लागलेलं असतं, पण त्या सुट्या करता येत नाहीत. ‘काय होतंय नक्की सांग’ असं खोदून विचारण्यापेक्षा, ‘चिडलायस, का हिरमोड झालाय, का दोन्ही?’ असे पर्याय पुढे ठेवून गप्प बसावं.

काही माणसांना कितीही प्रयत्न केला तरी आत काय चाललंय ते सांगता येत नाही. पोट दुखतं, छाती जड होते, एवढंच सांगता येतं. याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. हा त्यांचा हट्ट किंवा दगडी काळीज नव्हे. त्यांनी शरीरापासूनच सुरुवात करावी आणि शक्य तर समुपदेशकाबरोबर करावी. नैराश्यातही नकोशा भावना एकमेकींत मिसळलेल्या राहतात. दोन आठवडे वहीतले सगळे नकोसे आकडे रोज वर राहिले, झोप-जेवण बिघडलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर नावं शोधणं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन लागल्यावर काय होतंय ते नेमक्या शब्दांत सांगता आलं नाही तरी चालतं. ‘बरं वाटत नाहीये’ एवढं म्हणा, पुढचे प्रश्न ते विचारतात.